पर्याय तीन की चार? खून आणि सदोष मनुष्यवध यांतला एका वाक्यरचनेचा फरक

आधी प्रश्न वाचा. उत्तर मनाशी ठरवा आणि मगच पुढे जा.

बांधावरून 'अ' आणि 'ब' यांचा जुना वाद आहे. ऑगस्ट २०२४ मधल्या एका संध्याकाळी बांधावरच दोघांची बाचाबाची होते. 'अ' तिथून निघून घरी जातो आणि अर्ध्या तासाने सुरा घेऊन परत येतो. "आता तुला चांगली अद्दल घडवतो" असं म्हणत तो समोर उभ्या असलेल्या 'ब'च्या पोटात एकदा सुरा खुपसतो आणि निघून जातो. 'ब'ला रुग्णालयात नेतात. शस्त्रक्रिया व्हायला बराच उशीर होतो. तिसऱ्या दिवशी पोटात जंतुसंसर्ग पसरून 'ब'चा मृत्यू होतो. शवविच्छेदन करणारे डॉक्टर सांगतात की आतडं कापलं गेलं होतं आणि ही जखम निसर्गक्रमानुसार सामान्यतः मृत्यू येण्यास पुरेशी होती. 'अ'चं म्हणणं असं की मला त्याला मारून टाकायचं नव्हतं, फक्त धडा शिकवायचा होता. 'अ'ने कोणता गुन्हा केला?

(१) सदोष मनुष्यवध, खून नव्हे. कारण कृत्यामुळे मृत्यू येण्याचा संभव आहे याची 'अ'ला फक्त जाणीव होती.

(२) सदोष मनुष्यवध, खून नव्हे. कारण मृत्यू येण्याचा संभव असलेली इजा करणं एवढाच 'अ'चा उद्देश होता.

(३) खून, कारण जी इजा करण्याचा 'अ'चा उद्देश होता, ती निसर्गक्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशी होती.

(४) खून, कारण निसर्गक्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशी ठरेल अशीच इजा करण्याचा 'अ'चा उद्देश होता.

शिकवताना माझा अनुभव असा की पहिला पर्याय लवकर बाद होतो, दुसऱ्यावर थोडी चर्चा होते आणि खरी मारामारी तीन-चारवर असते. बरेच जण तर "दोन्ही एकच आहेत, छपाईची चूक असेल" असं म्हणून मोकळे होतात. चूक नाही. प्रश्न काढणाऱ्याने सगळं कसब त्या दोन वाक्यांतच खर्च केलेलं असतं. त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी कायदा नेमकं काय म्हणतो ते बघू.

भारतीय न्याय संहितेत सदोष मनुष्यवधाची व्याख्या कलम १०० मध्ये आहे आणि खुनाची १०१ मध्ये. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच कलमं २९९ आणि ३०० होती. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या घटनेला जुनीच कलमं लागतात. प्रश्नात तारीख दिली असेल तर ती सजावटीसाठी दिलेली नसते. व्याख्यांचा आशय मात्र बदललेला नाही, म्हणून जुने निवाडे आजही तितकेच कामाचे आहेत.

कलम १०० तीन प्रकारची मनःस्थिती सांगतं: मृत्यू घडवून आणण्याचा उद्देश, मृत्यू येण्याचा संभव आहे अशी शारीरिक इजा करण्याचा उद्देश, आणि आपल्या कृत्यामुळे मृत्यू येण्याचा संभव आहे ही जाणीव. यांतली एक जरी असली आणि माणूस मेला, तर सदोष मनुष्यवध झाला. कलम १०१ त्यातूनच जास्त गंभीर प्रकार वेगळे काढून त्यांना खून म्हणतं. म्हणजे प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच. प्रत्येक सदोष मनुष्यवध मात्र खून नसतो. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण पर्याय वाचताना तिचा उपयोग करायचं राहून जातं. तो उपयोग कसा करायचा ते पर्याय दोनपाशी सांगतो.

कलम १०१ मध्ये चार खंड आहेत. पहिला सरळ आहे: मृत्यू घडवण्याचाच उद्देश. चौथा अशा कृत्यांसाठी आहे जी इतकी भयंकर धोकादायक असतात की कोणी ना कोणी मरणार हे जवळजवळ नक्की असतं आणि करणाऱ्याला ते ठाऊक असतं. गर्दीवर तोफ डागणाऱ्या माणसाचं उदाहरण कायद्यातच दिलं आहे. दुसऱ्या खंडाकडे थोड्या वेळाने येऊ. आपला प्रश्न राहतो तो तिसऱ्या खंडात. तो असा: एखाद्या व्यक्तीला शारीरिक इजा करण्याच्या उद्देशाने कृत्य केलं, आणि जी इजा करण्याचा उद्देश होता ती निसर्गक्रमानुसार सामान्यतः मृत्यू घडून येण्यास पुरेशी असली, तर तो खून.

या वाक्यात दोन भाग आहेत आणि मधल्या 'आणि'ने ते जोडले आहेत. पहिल्या भागात आरोपीचं मन आहे. दुसऱ्या भागात फक्त जखम आहे.

विरसा सिंगचा भाला

हा तिसरा खंड कसा वाचायचा ते सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात ठरवलं. न्यायपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं होतं. वस्तुस्थिती आपल्या प्रश्नाला बरीच जवळची आहे. आरोपीने एका तरुणाच्या पोटात, डाव्या बाजूला खालच्या भागात, भाल्याचा एकच वार केला. वार इतका जोराचा होता की आतड्याची तीन वेटोळी बाहेर आली. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाचा मृत्यू झाला. डॉक्टरांनी जखम निसर्गक्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशी असल्याचं सांगितलं.

बचाव पक्षाचा युक्तिवाद मोठा हुशार होता. सत्र न्यायालयानेच आरोपीचा मारून टाकण्याचा उद्देश नव्हता असं म्हटलं होतं. मग वकिलांनी मांडलं की तिसरा खंड लावायचा तर सरकार पक्षाने हेही सिद्ध करायला हवं की आरोपीला 'मृत्यू येण्यास पुरेशी' अशीच जखम करायची होती. नुसता भाला मारायचा होता, एवढ्यावर भागणार नाही.

हा युक्तिवाद म्हणजे आपला चौथा पर्याय. न्यायालयाने तो फेटाळला.

बोस यांनी सिद्ध करायच्या गोष्टी पायरीपायरीने सांगितल्या. पहिली पायरी, शारीरिक इजा झाली आहे का. दुसरी, ती कशा प्रकारची आहे, म्हणजे कुठे, किती खोल, काय कापलं गेलं. या दोन्ही गोष्टी पूर्णपणे वस्तुनिष्ठ. वैद्यकीय पुराव्यावरून ठरतात. तिसरी पायरी आरोपीच्या मनाची: नेमकी हीच इजा करण्याचा त्याचा उद्देश होता का, की ती अपघाताने झाली, नकळत झाली, किंवा त्याला वेगळ्याच प्रकारची इजा करायची होती. इथे उद्देशाचा शोध संपतो. चौथी पायरी, अशी ही इजा निसर्गक्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशी आहे का. हा प्रश्न परत वस्तुनिष्ठ आहे, जखमेकडे बघून अनुमानाने सोडवायचा. आरोपीला काय वाटलं होतं, त्याला शरीरशास्त्र कळत होतं का, याचा चौथ्या पायरीशी काही संबंध नाही.

थोडा विचार केला तर हे पटतं. सुरा पोटात खुपसणारा माणूस 'यकृतापासून दोन बोटं अंतर ठेवू' असा हिशेब करत नसतो. जखम पुरेशी की अपुरी याचा निर्णय त्याच्या कल्पनेवर सोडला, तर जो जितका अडाणी तो तितका सुरक्षित असं होईल. तशी जखम मुद्दाम करायची आणि मग 'मरेल असं वाटलं नव्हतं' म्हणायचं, ही मुभा कोणालाच नाही, असं न्यायपत्राचं सांगणं आहे.

आता तीन आणि चार परत वाचा. तिसऱ्यात 'जी इजा करण्याचा उद्देश होता, ती पुरेशी होती' असं आहे: उद्देश इजेला चिकटलेला आणि 'पुरेशी' हा शब्द स्वतंत्र. चौथ्यात 'पुरेशी ठरेल अशीच इजा करण्याचा उद्देश' असं आहे: 'पुरेशी'सुद्धा उद्देशाच्या पोटात शिरलं आहे. वस्तुस्थितीत याला आधारही नाही. 'अ'ने फक्त अद्दल घडवतो म्हटलं. त्याला पोटात सुरा खुपसायचा होता हे स्पष्ट आहे, पण पुरेशी जखम करायची होती हे कुठेच दिसत नाही आणि दिसण्याची गरजही नाही. उत्तर तीन.

अशा जोडीत मी पर्यायातल्या 'उद्देश' या शब्दाखाली रेघ मारून विचारतो, उद्देश कशाचा? उत्तर 'इजेचा' आलं तर तिसरा खंड. 'मृत्यूचा' आलं तर पहिला. 'पुरेशा इजेचा' आलं तर सापळा.

पर्याय दोन का चुकतो

दुसरा पर्याय जास्त फसवा आहे, कारण त्याचं कारण अर्धं खरं आहे. मृत्यू येण्यास पुरेशी असलेली जखम मृत्यूचा संभव असलेलीही असतेच. जी जखम शंभर हिश्श्यांनी धोक्याची तिला साठ हिश्श्यांनी धोक्याची म्हटलं तर ते खोटं ठरत नाही, फक्त कमी पडतं. (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले. कायद्यात टक्केवारी नाही.) पर्याय दोन तिथेच थांबतो आणि 'म्हणून खून नव्हे' असा निष्कर्ष काढतो. मघाशी म्हटलेला नियम इथे कामाला येतो. खून हा सदोष मनुष्यवधातलाच गंभीर भाग असल्यामुळे कलम १०० लागू आहे हे दाखवून खून खोडता येत नाही. त्यासाठी १०१ चा एकही खंड लागू नाही, किंवा लागू आहे पण एखादा अपवाद आड येतो, असं दाखवावं लागतं.

'संभव' आणि 'पुरेशी' यांतला फरक डोळ्यांपुढे आणायचा तर मुंबई उच्च न्यायालयाचा १८७६ चा गोविंदा खटला बघावा. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि चेहऱ्यावर दोन-तीन जोरदार ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना, म्हणून प्रकरण न्यायमूर्ती मेलव्हिल यांच्याकडे गेलं. त्यांनी दोन्ही कलमं शेजारी शेजारी मांडून तुलना केली. ती मांडणी आजही शिकवली जाते. त्यांचा निष्कर्ष असा की मारून टाकण्याचा उद्देश दिसत नाही आणि मुठीचे हे ठोसे निसर्गक्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेसे म्हणता येत नाहीत. मृत्यूचा संभव मात्र होता. म्हणून सदोष मनुष्यवध, खून नव्हे. आज वाचताना त्या मुलीसाठी जीव तुटतो आणि निकाल सौम्य वाटतो, पण दोन शब्दांमधलं अंतर तो नेमकं दाखवतो.

बारकाईने बघा, गोविंदामध्येही मृत्यू झालाच. मृत्यू झाला म्हणून जखम पुरेशी होती असं उलट्या दिशेने ठरवता येत नाही. म्हणून प्रश्नात डॉक्टरांच्या मताचं वाक्य आहे का ते आधी शोधावं. 'पुरेशी' हा शब्द किंवा त्याच अर्थाचं जखमेचं वर्णन नसेल तर तिसऱ्या खंडाकडे सावधपणे जावं.

याच्या बरोबर उलट चूकही होते. जखम हातापायांवर असली की विद्यार्थी खून लगेच खोडतात. १९७६ च्या आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध रायवरपू पुन्नय्या या प्रकरणात पंचावन्न वर्षांच्या माणसाला जाड, वजनदार काठ्यांनी बेदम मारलं होतं. एकोणीस जखमा होत्या आणि त्या मुख्यतः हातापायांवर होत्या. उच्च न्यायालयाने गुन्हा सौम्य कलमाखाली आणला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो परत खुनात नेला: सगळ्या जखमा मुद्दाम केलेल्या आणि एकत्रित परिणामाने मृत्यू येण्यास पुरेशा होत्या. नाजूक अवयव हा उद्देश ओळखण्याचा एक धागा आहे, अट नाही. 'एकच वार' याचंही तसंच. प्रत्यक्ष न्यायालयांत एका वाराच्या प्रकरणी आरोप सौम्य झालेला दिसतो, पण तिथे वाराच्या संख्येबरोबर अचानक झालेलं भांडण, हाताला लागलेलं हत्यार अशा इतर गोष्टीही असतात. विरसा सिंगमध्ये एकच वार होता.

राहिला पर्याय एक. तिथे 'फक्त जाणीव' म्हटलं आहे. ज्या कृत्यात कोणाला इजा करण्याचा उद्देशच नाही, पण धोका माहीत आहे, तिथली ही भाषा. समोर उभ्या माणसाच्या पोटात सुरा खुपसणाऱ्याला इजा करायची नव्हती असं म्हणता येत नाही. उद्देश सिद्ध असताना जाणिवेवर उतरायचं कारण नाही.

आणि रुग्णालयातला उशीर? तो प्रश्नात मुद्दाम पेरला आहे. कलम १०० चं दुसरं स्पष्टीकरण सांगतं की योग्य उपचार मिळाले असते तर मृत्यू टळला असता, तरी इजा करणाऱ्यानेच मृत्यू घडवला असं मानलं जातं. तीन दिवसांनी मृत्यू झाला यानेही फरक पडत नाही, कारण जंतुसंसर्ग त्याच जखमेतून झाला.

एक तपशील बदलला की

प्रश्न काढणारे बहुतेक वेळा जुन्याच प्रश्नातलं एखादं वाक्य बदलतात. त्यामुळे उत्तर पाठ करण्यापेक्षा कोणतं वाक्य कुठली पायरी हलवतं ते बघणं कामाचं.

समजा, झटापट चालू होती, 'ब' वाकलेला होता आणि सुरा मांडीत घुसून मोठी रक्तवाहिनी कापली गेली. इथे बोस यांची तिसरी पायरी डळमळते. सुरा मारायचा होता हे खरं, पण ही जखम, या जागी, करायची होती का? हरजिंदर सिंग प्रकरणात, १९६८ साली, साधारण असंच घडलं होतं. भांडणात मध्ये पडलेला माणूस वाकलेल्या स्थितीत असताना वार मांडीत लागला आणि रक्तवाहिनी तुटली. नेमकी ती इजा करण्याचा उद्देश सिद्ध होत नाही म्हणून तिसरा खंड लागला नाही आणि खून टिकला नाही. प्रश्नात 'झटापटीत', 'वाकताना', 'हात चुकून' असे शब्द दिसले की तिसऱ्या पायरीवर थांबा. आपल्या मूळ प्रश्नात 'समोर उभ्या असलेल्या' हे तीन शब्द त्यासाठीच आहेत.

आता सुरा काढून टाका. समजा, 'अ'ने 'ब'ला पोटावर एक बुक्की मारली. 'ब'ला असा आजार आहे की तेवढ्या धक्क्याने तो मेला. निरोगी माणूस अशा बुक्कीने मेला नसता, म्हणजे जखम 'पुरेशी' नाही. तिसरा खंड बंद. इथे दुसरा खंड उघडतो आणि त्याची किल्ली एकच: 'अ'ला आजार माहीत होता का? माहीत असताना, या माणसाला ही इजा जिवावर बेतण्याचा संभव आहे हे जाणून मुद्दाम मारलं असेल तर खून. माहीत नसेल आणि उद्देशही तेवढा गंभीर नसेल तर खून नाही; कायद्याच्या उदाहरणातच तसं सांगितलं आहे. बहुतेक वेळा तिथे सदोष मनुष्यवधही उरत नाही आणि प्रकरण दुखापतीच्या कलमांपर्यंत खाली येतं. चार पर्यायांत 'दुखापत' हा पर्याय शेवटी एकटा बसलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून सांगितलं.

तिसरा बदल अपवादांचा. समजा, 'अ' घरी गेलाच नाही. बाचाबाची तापली, दोघं एकमेकांच्या अंगावर धावले, तिथेच पडलेला विळा हाताला लागला आणि 'अ'ने पोटात एक वार केला. जखम तितकीच पुरेशी, उद्देशही तितकाच. तिसरा खंड पूर्ण लागू होतो. पण आता कलम १०१ चा चौथा अपवाद पुढे येतो: पूर्वनियोजन नाही, अचानक भांडणातून मारामारी, रागाच्या भरात कृत्य, आणि आरोपीने गैरफायदा घेतला नाही की क्रूर किंवा विचित्र रीतीने वागला नाही. चारही गोष्टी असल्या तर गुन्हा सदोष मनुष्यवध, खून नव्हे. पहिला हात कोणी उचलला याला या अपवादात महत्त्व नाही. दुसरं, मारामारी म्हणजे दोन्हीकडून हात चालणं. एकाने मारायचं आणि दुसऱ्याने नुसता मार खायचा ही मारामारी होत नाही.

मूळ प्रश्नात हा अपवाद अर्ध्या तासाने मारला. गेला, हत्यार घेतलं, परत आला, इशारा दिला. प्रक्षोभाच्या पहिल्या अपवादाचंही तसंच. 'गंभीर आणि आकस्मिक' यांतला 'आकस्मिक' वेळेच्या अंतराने विझतो. नानावटी प्रकरण सगळ्यांना माहीत असतं. आहुजा यांच्याशी असलेल्या संबंधांची पत्नीची कबुली ऐकल्यानंतर नौदल अधिकारी नानावटी घरातून दुपारी दीडच्या सुमारास निघाले. कुटुंबाला सोडून, जहाजावर जाऊन, पिस्तूल घेऊन ते साडेचारच्या आसपास आहुजा यांच्या फ्लॅटवर पोचले आणि त्यांना गोळ्या घातल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली म्हटलं की मधल्या जवळपास तीन तासांत मन ताळ्यावर यायला पुरेसा वेळ होता, आणि खुनाची शिक्षा कायम ठेवली. याचा अर्थ तीन तास हवेत किंवा अर्धा तास पुरतो असा नियम नाही. त्या वेळात माणसाने काय केलं हे बघायचं. अर्धा तास रडत बसलेला माणूस आणि अर्ध्या तासात सुरा शोधून आणणारा माणूस यांत फरक आहे.

अपवाद लागला की पुढचा प्रश्न शिक्षेचा येतो आणि तिथे परत दोन जवळचे पर्याय असतात. खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये, खून नसलेल्या सदोष मनुष्यवधाची १०५ मध्ये. १०५ चे व्यवहारात आपण दोन भाग करतो, जसे पूर्वी कलम ३०४ चे करायचो. पहिल्या भागात उद्देश असतो आणि शिक्षा जन्मठेप किंवा किमान पाच ते कमाल दहा वर्षं कारावास आणि दंड. दुसऱ्या भागात नुसती जाणीव असते आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. किमान पाच वर्षांची अट नव्या संहितेतली आहे, जुन्या ३०४ मध्ये नव्हती. विळ्याच्या उदाहरणात बरेच जण 'अपवाद लागला, सौम्य झालं, म्हणजे दुसरा भाग' असं समजून चुकतात. अपवाद उद्देश पुसत नाही. 'अ'ला ती इजा करायचीच होती, म्हणून पहिला भाग.

शेवटी एक शंका, जी नेहमी कोणीतरी काढतं: चौथ्या पर्यायातली व्यक्ती तिसऱ्यापेक्षा जास्त दोषी आहे, मग चौथं उत्तर जास्त बरोबर कसं नाही? शंका रास्त आहे. ज्याला खरोखरच मृत्यू येण्यास पुरेशी जखम मुद्दाम करायची होती, त्याचा गुन्हा खूनच, आणि त्याला बहुधा पहिल्या खंडातच पकडता येईल. पण प्रश्न 'कोण जास्त दोषी' असा नाही. या वस्तुस्थितीवरून, या पुराव्यावर, खून कोणत्या कारणाने ठरतो असा तो आहे. आणि पानावर असलेला पुरावा फक्त इतकाच आहे की सुरा पोटात खुपसायचा होता आणि डॉक्टरांनी जखम पुरेशी म्हटली.